कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही

ब्लूटूथ कीबोर्डावरची K ही कळ दाबली की फोनकडे ‘के’ हे अक्षर जात नाही. जातो तो एक आकडा, १४. L दाबली तर १५, M दाबली तर १६. कळेवर काय छापलं आहे हे कीबोर्डाला ठाऊक नसतं. ‘चौदा नंबरची कळ दाबली गेली, आता सुटली’ एवढाच त्याचा निरोप असतो. त्या चौदाचं k करायचं, K करायचं, क करायचं की ख, हे ठरवतो फोन. गेम कंट्रोलर आणि माउस यांचंही असंच आहे. कंट्रोलर ‘पहिलं बटण दाबलं’ म्हणतो, माउस ‘इतका उजवीकडे सरकलो’ म्हणतो. उडी मारायची की गोळी झाडायची, बाण पडद्यावर नेमका कुठे दाखवायचा, हे सगळं पलीकडच्या बाजूला ठरतं.

ही एक गोष्ट नीट लक्षात घेतली की फोनला ही उपकरणं जोडताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचा उलगडा होतो. ‘कनेक्टेड’ दिसतंय पण मराठी उमटत नाही, ‘कनेक्टेड’ दिसतंय पण खेळातला गडी जागचा हलत नाही, अशा तक्रारींत दोष बहुधा ब्लूटूथचा नसतो. निरोप पोचलेला असतो, पण त्याचा अर्थ लावणारं कुणी नसतं किंवा चुकीचा अर्थ लावला जात असतो.

या आकड्यांची पद्धत सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेली आहे. तिला एचआयडी म्हणतात. ती आधी यूएसबीच्या तारेसाठी तयार झाली आणि नंतर ब्लूटूथने तीच उचलली. त्यामुळे कीबोर्ड जोडताना वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागत नाही. जोडणीच्या वेळीच उपकरण ‘मी कीबोर्ड आहे’ किंवा ‘मी कंट्रोलर आहे, मला इतकी बटणं आणि इतक्या काड्या आहेत’ अशी स्वतःची ओळख करून देतं आणि फोन त्याप्रमाणे तयार होतो.

खरेदी करताना मात्र खोक्यावर ‘ब्लूटूथ’ हा शब्द आहे ना, ते पाहा. नुसतं ‘वायरलेस’ लिहिलेलं असेल आणि आत नखाएवढा यूएसबी रिसीव्हर असेल, तर तो माउस किंवा कीबोर्ड त्या रिसीव्हरशीच बोलतो. फोनच्या ब्लूटूथ यादीत तो कधीच दिसणार नाही. ओटीजी जोडणी लावून रिसीव्हर फोनलाच खोचला तर तो चालू शकतो, पण तो मार्ग वेगळा.

आता जोडणी. लॉजिटेकचा के३८० हा कीबोर्ड उदाहरणाला घेऊ. त्याच्या वरच्या रांगेत तीन उपकरणांसाठी तीन कळा आहेत. पहिली कळ साधारण तीन सेकंद दाबून धरली की तिचा दिवा भराभर लुकलुकू लागतो. याचा अर्थ कीबोर्ड नवी ओळख करून घ्यायला तयार आहे. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्याचं नाव आलं की त्यावर टिचकी मारायची. कीबोर्ड जोडताना फोन अनेकदा सहा आकडी संकेतांक दाखवतो. तो फोनवर भरायचा नसतो. तो कीबोर्डावर टाइप करून एंटर दाबायचं असतं, आणि टाइप करताना पडद्यावर काही उमटत नसलं तरी थांबायचं नाही. कितीतरी जोडण्या इथेच फसतात, कारण माणूस फोनवर चौकट शोधत राहतो आणि तेवढ्यात वेळ संपते.

संकेतांक जुळला की दोघं एक गुप्त किल्ली ठरवतात आणि दोघंही ती जपून ठेवतात. याला पेअर होणं म्हणतात आणि ते एकदाच करायचं असतं. पुढे रोज होतं ते फक्त कनेक्ट होणं, म्हणजे जुन्या किल्लीने दार उघडणं. या दोन क्रियांची गल्लत झाली की तासन्‌तास वाया जातात. कीबोर्ड फोनच्या यादीत आहे पण कनेक्ट होत नाही, याचा अर्थ बहुधा एका बाजूची किल्ली पुसली गेली आहे किंवा कीबोर्ड दुसऱ्याच उपकरणाकडे वळलेला आहे. के३८०मध्ये आधी योग्य क्रमांकाची कळ एकदाच, न धरता दाबून पाहावी. तरी जमलं नाही तर फोनमधून त्याचं नाव काढून टाकावं (‘Forget’), कीबोर्डाची कळ पुन्हा दाबून धरावी आणि नव्याने पेअर करावं. एकाच बाजूने पुसून भागत नाही.

प्लेस्टेशन ४चा कंट्रोलर याबाबतीत आणखी काटेकोर आहे. त्याच्या स्मरणात एकाच यजमानाची जागा असते. म्हणून मधलं पीएस बटण नुसतं दाबलं तर तो आपल्या जुन्या प्लेस्टेशनलाच हाक मारतो. फोनच्या यादीत दिसण्यासाठी शेअर आणि पीएस ही दोन बटणं एकत्र धरून ठेवावी लागतात. वरची दिव्याची पट्टी दोन-दोन झटक्यांत लुकलुकू लागली की फोनवर ‘Wireless Controller’ असं नाव येतं. तिथून पुढे तो फोनचा झाला. परत प्लेस्टेशनवर खेळायचं तर यूएसबी तारेने त्याला जोडून पीएस बटण दाबायचं. तेवढ्याने पुन्हा जुनी सोयरीक होते. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर पेअर करायचं छोटं बटण वरच्या कडेला असतं, पण त्या घराण्यातल्या सुरुवातीच्या मॉडेलांत ब्लूटूथच नाही, हे जुना कंट्रोलर विकत घेणाऱ्याने पाहून घ्यावं. आयफोनवर हे दोन्ही कंट्रोलर २०१९च्या आयओएस १३पासून चालतात.

इथपर्यंत झालं ते निरोप पोचण्यापुरतं. खरी मेहनत पुढे आहे, निदान मराठी लिहिणाऱ्याला तरी.

समजा, ‘कमळ’ लिहायचं आहे. इनस्क्रिप्ट पद्धतीत क हा K वर, म हा C वर आणि ळ हा शिफ्टसह N वर असतो. बोटं त्या कळांवर पडतात, फोनकडे १४, ६ आणि शिफ्टसह १७ असे निरोप जातात. फोनमध्ये बाह्य कीबोर्डासाठी इंग्रजी मांडणी लावलेली असेल तर पडद्यावर ‘kcN’ उमटतं. असं दिसलं की ब्लूटूथच्या सेटिंगला हात लावू नका, तिथे सगळं ठीक आहे. बदलायची आहे ती मांडणी.

पडद्यावरच्या कीबोर्डाला मराठी आहे म्हणजे बाहेरच्यालाही मराठी असेल, असं नसतं. दोघांच्या सेटिंगा वेगळ्या असतात. अँड्रॉइडमध्ये भाषा आणि इनपुटच्या पानावर ‘Physical keyboard’ असा भाग असतो, तिथे मांडणी निवडायची असते. यादीत मराठी किंवा देवनागरी दिसलं तर तेच घ्यावं. न दिसल्यास बाहेरून अ‍ॅप टाकून मांडणी वाढवता येते, अँड्रॉइडमध्ये तशी सोय २०१२पासून आहे. मात्र अ‍ॅप निवडताना ते बाह्य कीबोर्डाला उपयोगी आहे का हे वाचून घ्यावं, कारण काही मराठी कीबोर्ड अ‍ॅप्स फक्त काचेवरच्या बोटाचा स्पर्श वाचतात, बाहेरून आलेला आकडा त्यांच्यापर्यंत जातच नाही. आयफोनमध्ये ‘Hardware Keyboard’ हा पर्याय बाह्य कीबोर्ड जोडलेला असतानाच दिसतो, एरवी शोधून सापडत नाही.

इंग्रजी मांडणी बरोबर आहे की नाही याची एक सोपी परीक्षा आहे. शिफ्ट धरून 2 दाबा. आपल्याकडच्या बहुतेक कीबोर्डांवर तिथे @ छापलेलं असतं. पडद्यावर त्याऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह आलं तर फोन त्या कीबोर्डाला ब्रिटिश समजून चालला आहे. मांडणी अमेरिकन करा, चिन्हं आपापल्या जागी येतील. आणि बाह्य कीबोर्ड जोडल्यावर पडद्यावरचा कीबोर्ड गायब झाला तर तेही बिघाडाचं लक्षण नाही. त्याच पानावर तो दाखवत राहण्याचा पर्याय असतो. बॅगेत चुकून चालू राहिलेल्या कीबोर्डामुळेही पडद्यावरचा कीबोर्ड असा दडी मारतो.

खेळांत अर्थ लावण्याचं काम खेळ स्वतः करतो. कंट्रोलरचं बटण दाबल्याचं अँड्रॉइड त्याला कळवतं, पुढे ऐकायचं की नाही हे खेळ बनवणाऱ्यांनी ठरवलेलं असतं. म्हणून कंट्रोलर चालत नाही असं वाटलं तर आधी खेळातून बाहेर या आणि अँड्रॉइडच्या मुख्य पडद्यावर कंट्रोलरची दिशाबटणं दाबा. आयकॉनांभोवतीची चौकट हलली तर कंट्रोलर आणि फोन यांचं व्यवस्थित चाललं आहे, खेळ ऐकत नाही. माइनक्राफ्ट ऐकतो. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलही ऐकतो आणि कंट्रोलरवाल्यांची गाठ शक्यतो कंट्रोलरवाल्यांशीच घालून देतो, जे मला न्याय्य वाटतं. आपल्याकडे घरोघरी खेळला जाणारा बीजीएमआय मात्र बोटांच्या स्पर्शासाठी बांधलेला आहे, त्यात कंट्रोलरची अधिकृत सोय नाही.

मग काही जण बटणांचं रूपांतर खोट्या स्पर्शात करणारी अ‍ॅप्स वापरतात. A दाबलं की पडद्यावर ठरलेल्या जागी बोट टेकल्याचा भास ही अ‍ॅप्स निर्माण करतात. तांत्रिकदृष्ट्या ते जमतं. पण ऑनलाइन स्पर्धेच्या खेळात समोरचा अंगठ्याने खेळत असताना हे करणं गैर आहे, आणि पकडलं गेल्यास खातं बंद होऊ शकतं. एकट्याने खेळायच्या खेळात ही अ‍ॅप्स खुशाल वापरावीत.

स्वस्त कंट्रोलरांत एक वेगळी गोम असते. एकाच कंट्रोलरची दोन-तीन रूपं असतात आणि सुरू करताना कोणतं बटण धरलं यावर तो कोणती ओळख सांगणार हे ठरतं. एटबिटडूच्या एसएन३० प्रो या कंट्रोलरमध्ये अँड्रॉइडसाठी B धरून स्टार्ट दाबावं लागतं. चुकीच्या रूपात सुरू झालेला कंट्रोलर जोडला तर जातो, पण बटणांचे अर्थ उलटसुलट होतात. सोबतचा माहितीचा कागद फेकू नये तो यासाठी.

माउसबद्दल थोडक्यात. अँड्रॉइडवर तो जोडताच बाण दिसतो. आयफोनवर मात्र ‘AssistiveTouch’ चालू करावं लागतं, ते ‘Accessibility’मध्ये ‘Touch’खाली आहे. बाण किंवा कंट्रोलरची काडी मधूनच अडखळत असेल तर घरातलं वाय-फाय पाहा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि वाय-फायही त्याच पट्ट्यात असेल तर दोघांची रेटारेटी होते. फोन ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर नेला की फरक जाणवतो.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ‘मी कीबोर्ड आहे’ असं म्हणून आत आलेलं उपकरण फोनवर काहीही टाइप करू शकतं, आणि फोनला ते तुमचंच लिहिणं वाटतं. आपण काही जोडत नसताना पेअर करण्याची विनंती आली तर ती नाकारावी. डिसेंबर २०२३मध्ये मार्क न्यूलिन या सुरक्षा संशोधकाने दाखवून दिलं की काही फोनांना मालकाच्या संमतीशिवायही खोटा कीबोर्ड जोडता येतो. अँड्रॉइडवर त्यासाठी ब्लूटूथ चालू असणं पुरेसं होतं. अँड्रॉइड ११ ते १४साठी त्याच महिन्याच्या सुरक्षा अपडेटमध्ये दुरुस्ती आली, आयफोनसाठी ती आयओएस १७.२मध्ये आली. अँड्रॉइड १० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना गूगलकडून ती मिळाली नाही. असा जुना फोन वापरत असाल तर कीबोर्ड किंवा कंट्रोलरचं काम झालं की ब्लूटूथ बंद करा, विशेषतः स्टँडवर, लोकलमध्ये आणि गर्दीच्या इतर ठिकाणी.