कॉलमच्या मधली पांढरी पट्टी

‘धरणक्षेत्रात पावसाचा जोर गावांना धोका संभवतो, असे जनावरे सुरक्षित ठिकाणी कायम असल्याने शुक्रवारी तहसीलदारांनी सांगितले. सहा हलवण्याच्या सूचना...’

तीन कॉलमी बातमीच्या कात्रणाचा मोबाइलवर फोटो काढून संगणकाकडून अक्षरे वाचून घेतली की असे काही हाती येऊ शकते. एकही काना किंवा वेलांटी चुकलेली नाही. अक्षरे किती अचूक ओळखली याची टक्केवारी काढली तर ती शंभरपर्यंत जाईल, आणि तरीही बातमी हरवलेली असेल. यंत्राने तिन्ही कॉलमच्या ओळी डावीकडून उजवीकडे सरळ वाचत नेल्या, एवढीच चूक आहे. पण त्या एका चुकीमुळे बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

आपण पेपर उघडतो तेव्हा कॉलम कुठे संपतो हे शोधत बसत नाही. संगणकाला मात्र ते अक्षरे वाचण्याआधीच ठरवावे लागते, आणि त्यासाठी त्याला शाईइतकेच कोऱ्या जागेकडे बघावे लागते. दोन कॉलमांमध्ये साधारण चार-पाच मिलिमीटरची उभी पांढरी पट्टी असते. ती सापडली की कॉलम वेगळे झाले. सांगायला हे सोपे आहे. अडचण अशी की पेपरच्या पानावर पांढऱ्या जागा पुष्कळ असतात आणि त्यांतल्या बऱ्याच फसव्या असतात.

एक कात्रण नजरेसमोर आणू. रुंदी पंधरा सेंटिमीटर, उंची वीस. तीन कॉलम, प्रत्येकी ४७ मिलिमीटरचे, आणि मधल्या दोन पट्ट्या साडेचार मिलिमीटरच्या. वर तिन्ही कॉलमवर पसरलेला मथळा: ‘धरणातून पाणी सोडले, नदीकाठच्या गावांना इशारा’. त्याखाली पहिल्या कॉलमच्या डोक्यावर ठळक अक्षरांत ‘विशेष प्रतिनिधी’ आणि मग बातमीचा मजकूर. दुसऱ्या-तिसऱ्या कॉलमच्या वरच्या भागात धरणाचा फोटो, त्याखाली फोटोओळ, आणि तिच्याखाली त्या दोन कॉलमांचा मजकूर.

पहिला फसवा पांढरेपणा मथळ्यातच आहे. मथळ्याची अक्षरे मोठी, म्हणून दोन शब्दांमधली जागाही मोठी, सहज सात-आठ मिलिमीटरची. म्हणजे मथळ्यातल्या दोन शब्दांमधले अंतर खालच्या दोन कॉलमांमधल्या अंतरापेक्षा जास्त! अशी एखादी फट नेमकी खालच्या पट्टीच्या वर आली, तर पांढरी वाट मथळ्यापासून तळापर्यंत अखंड दिसते. मग मथळ्याचे तुकडे पडतात: ‘धरणातून पाणी’ पहिल्या कॉलमला चिकटते आणि ‘गावांना इशारा’ तिसऱ्या कॉलमच्या डोक्यावर जाऊन बसते. म्हणून पांढऱ्या जागेची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून चालत नाही, शेजारच्या अक्षरांच्या उंचीशी ताडून मोजावी लागते. पाच मिलिमीटरची फट मजकुराच्या बारीक अक्षरांशेजारी असेल तर ती कॉलमची सीमा असू शकते. मथळ्याच्या ठसठशीत अक्षरांशेजारी तीच फट म्हणजे शब्दांमधली जागा.

दुसरा फसवा पांढरेपणा मजकुरात असतो. पेपरच्या अरुंद कॉलममध्ये ओळी दोन्ही कडांना सारख्या केलेल्या असतात. मराठीत ‘जिल्हाधिकाऱ्यांच्या’ यासारखा लांब शब्द ओळीत मावला नाही की तो खाली उतरतो, आणि वरच्या ओळीतले उरलेले तीन शब्द ताणून कडेपर्यंत नेले जातात. आठ मिलिमीटर जागा उरली असेल तर ती शब्दांमधल्या दोन फटींत वाटली जाते. प्रत्येक फट मूळ जागेहून चार मिलिमीटरने वाढते आणि कॉलमच्या पट्टीएवढी, कधी तिच्याहून रुंद होते. एकच ओळ पाहिली तर कॉलम कुठे तुटला हे सांगता येत नाही. शब्दांमधली फट मात्र पुढच्या ओळीत जागा बदलते आणि कॉलमची पट्टी बदलत नाही. म्हणून अनेक ओळी एकाखाली एक ठेवून, त्यांच्या डाव्या कडा कुठे सरळ रेषेत येतात हे पाहावे लागते. रे स्मिथ यांनी २००९ मध्ये टेसरॅक्ट या मुक्त प्रणालीसाठी मांडलेली पद्धत याच कल्पनेवर उभी आहे: आधी या उभ्या कडा शोधायच्या आणि त्यांवरून कॉलमची मांडणी ठरवायची.

फोटो तिरका आला की हे गणित बिघडते. कात्रण फक्त एक अंशाने कलले आहे असे धरा. वीस सेंटिमीटर उंचीवर एक अंश म्हणजे तळाशी साडेतीन मिलिमीटरचे सरकणे. आपली पट्टी साडेचार मिलिमीटरची होती. तिच्यातून वरून खाली सरळ जाणारी मोकळी वाट आता फक्त एक मिलिमीटर उरली. कल दीड अंश झाला की वाट बंद. डोळ्याला एवढा कल जाणवतही नाही. म्हणून मजकूर वाचण्याआधी चित्र सरळ करणे अनिवार्य ठरते, आणि इथे देवनागरीची शिरोरेषा उत्तम कामी येते. चित्र अंशाच्या दहाव्या भागाने फिरवत प्रत्येक आडव्या रांगेतले काळे ठिपके मोजायचे. शिरोरेषा आडव्या झाल्या की काही रांगांत काळेपणा एकदम उसळतो आणि मधल्या रांगा रित्या होतात. ज्या कोनात हा फरक सर्वात तीव्र, तो बरोबर. फोन वरून समांतर न धरता तिरपा धरला असेल तर नुसते फिरवून भागत नाही, चार कोपरे ओढून कात्रण पुन्हा आयताकृती करावे लागते. कागद घडीवर फुगलेला असेल तर तेही पुरत नाही. तो सपाट करून दुसरा फोटो काढणेच शहाणपणाचे.

आता तुकडे वेगळे झाले असे समजू. त्यांचा क्रम कसा लावायचा? थॉमस ब्रुएल यांनी २००३ च्या सुमारास मांडलेले दोन नियम मला अजूनही सर्वात देखणे वाटतात. पहिला नियम: दोन तुकडे एकमेकांच्या वर-खाली असतील, म्हणजे त्यांच्या रुंदीचा काही भाग सामाईक असेल, तर वरचा आधी. दुसरा: एक तुकडा दुसऱ्याच्या पूर्णपणे डावीकडे असेल तर डावा आधी, मात्र त्या दोघांच्या उंचीच्या दरम्यान दोघांवरही पसरलेला तिसरा तुकडा असेल तर हा नियम लावायचा नाही.

आपल्या कात्रणावर ते लावून पाहू. मथळा सगळ्यांच्या वर आणि सगळ्यांवर पसरलेला, म्हणून पहिला. ‘विशेष प्रतिनिधी’ पहिल्या कॉलमच्या मजकुरावर, म्हणून त्याच्या आधी. पहिला कॉलम फोटोच्या डावीकडे, म्हणून फोटोच्या आधी. फोटो, मग फोटोओळ, मग दुसरा कॉलम, मग तिसरा. दुसऱ्या नियमातला अपवाद इथे लागला नाही. पण पानाच्या मध्यावर सगळ्या कॉलमांवर पसरलेला उपमथळा असता, तर पहिल्या कॉलमचा खालचा भाग दुसऱ्याच्या वरच्या भागाआधी वाचणे चुकीचे ठरले असते. तेव्हा तोच अपवाद वाचवतो: आधी उपमथळ्यावरचे सगळे, मग उपमथळा, मग खालचे.

तरीही आपल्या क्रमात एक खोट राहिली आहे. पहिल्या कॉलमची शेवटची ओळ समजा अशी आहे: ‘पाण्याची पातळी वाढल्यास नदीकाठच्या’. दुसरा कॉलम सुरू होतो ‘गावांना धोका संभवतो, असे’ या शब्दांनी. पण नियमांनी या दोघांच्या मध्ये फोटोओळ आणून ठेवली: ‘धरणाचे उघडलेले दरवाजे.’ जोडून वाचा: ‘पाण्याची पातळी वाढल्यास नदीकाठच्या धरणाचे उघडलेले दरवाजे.’ ‘नदीकाठच्या धरणाचे’ हे शब्द बेमालूम जुळतात आणि पुढचे ‘गावांना धोका संभवतो’ हेही स्वतंत्र वाक्य म्हणून उभे राहते. घाईने वाचणाऱ्याला शंकाही येणार नाही. ओळीगणिक झालेला गोंधळ लगेच ओरडतो. ही चूक गप्प बसते, म्हणून ती जास्त घातक.

ती पकडता येते ती व्याकरणाने. ‘वाढल्यास’ म्हटले की पुढे काय होईल ते सांगणारे क्रियापद यायलाच हवे, आणि ‘दरवाजे’नंतर पूर्णविराम पडला तरी ते आले नाही. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते आणि नामे विभक्तीचे प्रत्यय घेऊन पुढच्या शब्दाची वाट पाहतात, त्यामुळे कॉलमच्या तुटलेल्या टोकाला पुढे काय यायला हवे याची खूण बरेचदा असते. दुसरा कॉलम ‘सहा गावांतील नागरिकांना’ इथे तुटत असेल तर तिसऱ्या कॉलमच्या आरंभी नागरिकांना काय केले ते मिळायला हवे: ‘जनावरे सुरक्षित ठिकाणी हलवण्याच्या सूचना दिल्या आहेत.’ जुळले. म्हणून फोटोओळी आणि चौकटी मूळ प्रवाहातून काढून शेवटी ठेवाव्यात आणि कॉलमचा प्रत्येक सांधा असा वाचून पाहावा. तीन कॉलमांच्या बातमीत सांधे दोनच असतात. कॉलम नेमका पूर्णविरामाला संपत असेल तर मात्र व्याकरण मदत करत नाही. तेव्हा ‘ते पुढे म्हणाले’मधले ‘ते’ कोण, असल्या खुणांवर अवलंबून राहावे लागते.

प्रतिनिधीची ओळ वेगळी ओळखायला तिचा आखूडपणा, ठळकपणा आणि शेवटी विराम नसणे पुरते. पण संपादकीय पानावरच्या लेखात नाव मथळ्याच्या वरही असते, आणि लेखकाचा परिचय लेखाच्या तळाशी. तिथे ‘मथळ्याखालची पहिली ओळ म्हणजे नाव’ हा ठोकताळा पहिले वाक्यच लेखकाच्या नावावर जमा करतो.

आणि काही पाने अशी असतात की भूमितीला उत्तर देताच येत नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. पांढरी पट्टी तशीच, पण डावा स्तंभ संपला की उजव्यात तो पुढे चालू होत नाही. ब्रुएल यांचे नियम इथे अचूक लावले तरी प्रत्येक पानाच्या तळाशी भाषा बदलेल. लिपी कोणती हे आधी पाहून दोन स्वतंत्र प्रवाह करावे लागतात.

हल्ली संपूर्ण चित्र घेऊन थेट मजकूर लिहून देणारी मोठी मॉडेल आली आहेत आणि कॉलमचा क्रम ती पुष्कळदा बरोबर लावतात. त्यांची चूक वेगळ्या जातीची असते: अस्पष्ट चार ओळी गाळून सांधा स्वतःच्या शब्दांनी भरून टाकणे. अशा मजकुरात व्याकरण कुठेच तुटत नाही, त्यामुळे वरची परीक्षा तिथे चालत नाही. तिथे कात्रणातल्या प्रत्येक कॉलमच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळी मजकुरात सापडतात का हे पाहायचे, आणि कॉलमच्या मधल्या एक-दोन ओळी बोट ठेवून ताडायच्या.

घरी करून पाहायचे असेल तर टेसरॅक्टला मराठीसाठी हा आदेश देता येतो:

```
tesseract katran.png katran -l mar --psm 3 tsv
```

यातल्या `--psm 3` मुळे कॉलमची मांडणी ते स्वतः शोधते. त्याऐवजी `6` दिला तर सगळे कात्रण एकच सलग मजकूर समजून वाचले जाते आणि सुरुवातीला दिलेला गोंधळ हमखास मिळतो. मात्र एकेक कॉलम आधीच कापून दिलेला असेल तर हाच `6` चांगला चालतो. शेवटच्या `tsv` मुळे प्रत्येक शब्दासोबत तो कोणत्या तुकड्यातला (`block_num`) आणि पानावर कुठे आहे (`left`, `top`) हेही तक्त्यात येते. नुसता मजकूर जपला आणि क्रम चुकलेला निघाला, तर कात्रण पुन्हा शोधावे लागते. हे आकडे जपले असतील तर तेच शब्द पाच वर्षांनीही नव्याने ओळीत लावता येतात.