मिलीबगच्या वेशातला मित्र

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, खोडाच्या सुटलेल्या सालीखाली दडून राहतो. अंगावर मेणाचा थर असल्यामुळे फवारा त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. पुढे तो घडात शिरतो, त्याच्या चिकट स्रावावर काजळी चढते आणि निर्यातीचा माल बाद होतो. काढणी जवळ आली की औषधांच्या अंशाचीही धास्ती असते. म्हणून अशा वेळी क्रिप्टोलिमस हा परदेशी भुंगेरा बागेत सोडतात.

हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ मध्ये तो कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी भारतात आणला गेला. ते काम त्याच्याकडून झाले नाही, पण मिलीबगवर तो चांगलाच पोसला. प्रयोगशाळेत लाल भोपळ्यावर मिलीबग वाढवून त्यावर त्याची पैदास करतात आणि हेक्टरी सुमारे ५,००० भुंगेरे सोडतात. मादी मिलीबगच्या अंडीपुंजांतच आपली अंडी घालते.

इथे एक मोठा घोटाळा होतो. या भुंगेऱ्याच्या अळीच्या अंगावरही पांढऱ्या मेणाचे झुबके असतात. शेतकऱ्याला ती मोठा मिलीबगच वाटते आणि तो फवारणी करून मित्रालाच मारतो. खूण सोपी आहे: पूर्ण वाढलेली अळी मिलीबगपेक्षा कितीतरी मोठी असते आणि लगबगीने चालते. मिलीबगची मादी जागची फारशी हलत नाही. शिवाय मुंग्या गोड स्रावासाठी मिलीबगची राखण करतात आणि भुंगेऱ्याला हुसकावतात. मुंग्यांचा बंदोबस्त न करता भुंगेरे सोडणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

भुंगेऱ्याची मर्यादा त्याच्या भुकेतच आहे. मिलीबग विरळ झाला की तो बाग सोडतो. शिवाय तो एकाच किडीला बांधलेला नाही. अॅनागायरस ही आपल्याकडची चिमुकली गांधीलमाशी मिलीबगच्या पोटात अंडी घालते. असा नुकताच ग्रासलेला मिलीबगही भुंगेरा खाऊन टाकतो, आणि त्यासोबत गांधीलमाशीची पुढची पिढीही जाते. दक्षिण आफ्रिकेत तर निवडुंगाला आवर घालण्यासाठी आणलेल्या कोचिनील किडीलाच त्याने खाल्ले आणि निवडुंगाचे नियंत्रण ढिले पडले.

पपईवरच्या मिलीबगसाठी वेगळा मार्ग घेतला गेला. ही कीड २००८ मध्ये कोइम्बतूरला आढळली. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून अॅसेरोफॅगस पपाये ही गांधीलमाशी बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेत आणली गेली. आधी विलगीकरणात चाचण्या झाल्या, मगच ती शेतात सोडली. तिचा आहार मर्यादित असल्याने धोका कमी राहिला, आणि कीडही आटोक्यात आली. माझ्या मते परदेशी मित्रकीटक निवडताना हाच क्रम हवा: तो किती खातो याआधी आणखी काय काय खातो, हे तपासायचे. एकदा मोकळा सोडलेला कीटक परत गोळा करता येत नाही.

क्रिप्टोलिमस मात्र इथे शतकाहून अधिक काळ आहेच. तेव्हा द्राक्षबागायतदारांनो, घडावर पांढरे झुबके दिसले तर पंप सुरू करण्याआधी ते चालतात का, एवढे पाहा.