दुकान उघडण्याआधीची रांग

बाजारात वस्तू येण्यापूर्वी तिच्याविषयी हातचे राखून बोलणाऱ्या, कुतूहल चाळवणाऱ्या जाहिरातीला व्यवसायात ‘टीझर’ म्हणतात, आणि त्या कुतूहलापोटी जे लोक आपले नाव व पत्ता आगाऊ नोंदवून ठेवतात त्यांच्या यादीला ‘वेटलिस्ट’ अर्थात प्रतीक्षायादी. ही दोन्ही कामे हल्ली एकाच मोहिमेत उरकली जात असल्याने ती मुळात एकच आहेत असा समज रूढ झाला आहे. पण कुतूहल वाटणे आणि वाट पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयातील बहुतेक फसगती हा फरक विसरल्यानेच झालेल्या दिसतात.

टीझरचा पूर्वेतिहास थोडक्यात आटोपता येतो. अमेरिकेत १९१३ साली आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने कॅमल सिगारेट आणताना वृत्तपत्रांतून आधी ‘उंट येत आहेत’ एवढीच वर्दी दिली आणि हे उंट कसले, हे मागाहून उलगडले. पुढची कित्येक दशके याच युक्तीच्या आवृत्त्या निघत राहिल्या. वस्तू स्वस्त आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी असेल तर ही युक्ती पुरते, कारण कुतूहल आणि खरेदी यांत एका रात्रीचेच अंतर असते.

ते अंतर वाढले की काय होते, याचा धडा सेगवेने दिला. जानेवारी २००१ मध्ये डीन केमन यांच्या गुप्त शोधाची कुणकुण एका नियोजित पुस्तकाच्या निमित्ताने बाहेर फुटली, आणि वस्तू काय आहे हे ठाऊक नसताना वर्षभर जगभर तर्क लढवले गेले. ३ डिसेंबर २००१ रोजी पडदा उघडला तेव्हा समोर आली ती तोल सांभाळणारी दुचाकी, आणि तिची किंमत होती पाच हजार डॉलरच्या आसपास. यंत्र अप्रतिम होते. परंतु २००६ मध्ये दुरुस्तीसाठी सर्व गाड्या परत बोलावण्याची वेळ आली तेव्हा त्यांची संख्या जेमतेम २३,५०० भरली. उत्सुकता ताणाल तेवढी चांगली, असे सांगणारे जाहिरातशास्त्री या उदाहरणाकडे पाहत नाहीत. वर्षभर ज्यांनी तर्क केले, त्यांच्यापैकी कोणालाही किंमत ठाऊक नव्हती. म्हणजे ते वाट पाहतच नव्हते.

मराठी वाचकाला प्रतीक्षायादी परकी वाटण्याचे कारण नाही. कोश, समग्र वाङ्मयाचे संच, बहुखंडी चरित्रे यांच्यासाठी मराठी प्रकाशकांनी चालवलेली ‘प्रकाशनपूर्व सवलत’ ही शुद्ध प्रतीक्षायादीच होती. ग्रंथाचा विषय, पृष्ठसंख्या, छापील किंमत, सवलतीची किंमत आणि पैसे भरण्याची अंतिम तारीख एवढे एका पत्रकावर स्पष्ट छापलेले असे. नोंदणी करणारा मनिऑर्डरने पैसे धाडी, पावती जपून ठेवी, आणि आलेल्या रकमेच्या अंदाजाने प्रकाशक कागद घेई व किती प्रती छापायच्या ते ठरवी. या पद्धतीत कुतूहल कमी आणि माहिती जास्त होती, म्हणून ती यादी विश्वासार्ह असे. यादीतल्या नावाची किंमत त्या नावामागे माणसाने काय सोडले यावर ठरते, हे तत्त्व त्या पत्रकांत पूर्णपणे उतरलेले आहे.

पैसे न घेताही हे तत्त्व पाळता येते, हे २०१३ साली न्यूयॉर्कमधील ‘हॅरीज’ या दाढीच्या सामानाच्या कंपनीने दाखवले, आणि म्हणून तिच्या मोहिमेकडे जरा निवांत पाहायला हवे. तिचे सारे बिऱ्हाड दोन पानांचे होते. पहिल्या पानावर ईमेल पत्ता मागितला जाई. तो दिला की दुसरे पान उघडे आणि त्यावर त्या व्यक्तीचा स्वतंत्र दुवा दिसे, जो मित्रांना पाठवल्यावर कोणामुळे कोण आले याची नोंद आपोआप होई. पाच मित्र आणले तर दाढीचे क्रीम, दहा आणले तर मूठ आणि पाते, पंचवीस आणले तर उंची संच, आणि पन्नास आणले तर वर्षभराची पाती फुकट. आपण किती पायऱ्या चढलो हे त्याच पानावर दिसत असे. सुरुवात कंपनीतल्या मूठभर लोकांनी आपापल्या ओळखीच्यांना पत्रे लिहून केली, आणि आठवड्याभरात सुमारे एक लाख पत्ते जमले. त्यांतले सुमारे ७७ टक्के कोणा ना कोणा मित्रामार्फत आलेले होते.

या आकड्यापेक्षा बक्षिसांची निवड अधिक शिकवणारी आहे. फुकट मिळणार होते ते दाढीचेच सामान, त्यामुळे ज्याला दाढीशी कर्तव्य नाही त्याला मित्र गोळा करण्याचे प्रयोजनच नव्हते. याच जागी महागडा फोन ठेवला असता तर यादी कदाचित दुप्पट झाली असती, पण ती फोन हव्या असलेल्यांची झाली असती. शिवाय एकाच संगणकीय पत्त्यावरून दोनाहून अधिक नोंदी आल्या की त्या अडवल्या जात, कारण बक्षीस ठेवले की स्वतःच स्वतःचे पन्नास मित्र होणारे महाभाग येणारच. या बंदोबस्ताची दुसरी बाजूही आहे: एकाच कार्यालयातले किंवा वसतिगृहातले खरे दहा जण अशा चाळणीत अडकतात.

यादी खरी की पोकळ, हे विक्रीच्या दिवसाआधीच ओळखता येते. समजा, लाकडी घाण्याचे तेल काढणाऱ्या एखाद्या उद्योगाकडे चार हजार नावे आहेत आणि महिन्याला सहाशे बाटल्या निघतात. सर्वांना एकदम कळवण्याऐवजी त्याने आधी चारशे जणांना खरेदीचा दुवा पाठवावा. मात्र हे चारशे सर्वांत जुनेही नसावेत आणि सर्वांत नवेही नसावेत, प्रत्येक आठवड्याच्या नोंदींतून थोडे थोडे उचललेले असावेत. त्यांपैकी साठ जणांनी बाटली घेतली, तर त्याच प्रमाणात पूर्ण यादीतून सहाशे खपतील आणि माल नेमका पुरेल. वीसच जणांनी घेतली, तर दोनशेच खपतील आणि चारशे बाटल्या पडून राहतील. पहिल्या आठवड्यातली नावे थंड आणि शेवटच्या आठवड्यातली गरम निघाली, तर दोष तेलाचा नसून टीझर लांबल्याचा आहे. म्हणून टीझरची मुदत जाहिरातीच्या अंदाजपत्रकावरून ठरवू नये. माल हाती येण्याची तारीख पक्की झाली की तिथून मागे मोजावी.

अलीकडच्या मोहिमांत हा हिशेब दिसेनासा झाला आहे. ‘तुमच्यापुढे इतके हजार जण आहेत’ असा आकडा दाखवण्याची प्रथा ‘मेलबॉक्स’ या टपालाच्या ॲपने २०१३ मध्ये लोकप्रिय केली, तेव्हा त्यामागे यंत्रणेवर एकदम भार येऊ नये हे सबळ कारण होते. आज माल गोदामात तयार असतानाही रांगेचा आकडा दाखवला जातो, किंमत शेवटच्या दिवसापर्यंत झाकली जाते, आणि यादीची लांबी हेच यश म्हणून मिरवले जाते. रांगेची लांबी मोजणाऱ्यांनी रांगेतल्या माणसाला किंमत सांगितली होती का, एवढे विचारले तरी निम्मे अहवाल कोसळतील.

जुन्या प्रकाशनपूर्व सवलतीच्या पत्रकात सर्वांत ठळक अक्षरांत दोनच गोष्टी छापलेल्या असत: किंमत आणि अंतिम तारीख.