तानपुरा मागवताना आधी आपला 'सा' कळवा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तयार तानपुरे विकत मिळतात. तरी पट्टी पक्की झालेला गाणारा बहुधा आपल्या गळ्याच्या मापाचा तानपुरा बनवून घेतो. मग 'मागणीप्रमाणे बनवून मिळेल' या ओळीच्या खाली छापलेल्या अटी वाचाव्या लागतात : इतकी मुदत, अमुक माहिती आधी कळवावी, काम सुरू झाल्यावर बदल होणार नाहीत. पहिल्यांदा मागवणाऱ्याला हा दुकानदाराचा तोरा वाटतो. खरं तर यातल्या बहुतेक अटी भोपळ्याने घातलेल्या आहेत.

हा भोपळा भाजीचा नव्हे, कडू जातीचा. मंगळवेढा-पंढरपूर भागातल्या शेतांतून तो मिरजेला येतो. कारागीर तो वाळवून, वर टांगून साठवून ठेवतात. ऑर्डर आली की त्यातला मापाचा भोपळा उतरवायचा, पाण्यात भिजवून मऊ करायचा, तोंड कापून आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या आणि आतून काठ्यांचा ताण देऊन आकार धरेपर्यंत पुन्हा वाळवायचा. पुढे त्यावर लाकडी गळा बसतो, गळ्यावर पोकळ दांडी चढते आणि भोपळ्याच्या उघड्या तोंडावर तबली चिकटते. लाकूड बहुधा तुणीचं असतं.

म्हणून पहिला प्रश्न रंगाचा किंवा नक्षीचा नसतो. 'पट्टी कोणती?' हा असतो. पुरुषांचा 'सा' साधारणपणे काळी एकच्या आसपास असतो, बायकांचा पांढरी पाच ते काळी पाच या टापूत. खालच्या स्वराला लांब तार आणि मोठा भोपळा लागतो, वरच्या स्वराला दोन्ही आटोपशीर. मर्दानी तानपुऱ्याच्या भोपळ्याचा घेर पन्नास इंचांच्या आसपास जातो आणि वाद्य पाच फुटांच्या घरात पोहोचतं. जनानी तानपुरा त्याहून बराच आखूड असतो. पट्टी कळल्याशिवाय भोपळा निवडता येत नाही, आणि एकदा तो कापला की तानपुऱ्याचं माप ठरून गेलं.

इथे एक हिशेब करून पाहू. समजा, नाशिकच्या एका गायिकेने काळी चारचा जनानी तानपुरा सांगितला. दांडी बसल्यावर तिने कळवलं, 'पांढरी पाच करता येईल का?' येईल. हा अर्ध्या स्वराचा फरक. तीच तार अर्धा स्वर उतरवली की तिचा ताण साधारण ११ टक्क्यांनी कमी होतो, आणि किंचित जाड तार घातली की तो भरून निघतो. आता समजा, तिच्या भावालाही त्याच तानपुऱ्यावर काळी एकमध्ये गायचंय. काळी चारवरून खालची काळी एक म्हणजे सात अर्धे स्वर. कंपनसंख्या दोन-तृतीयांशावर येते आणि ताण तिच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे मूळच्या निम्म्याहूनही कमी उरतो. तार लोंबकळते, बोट लागताच फडफडते. जाड तार घालून ताण थोडाफार सावरला, तरी लहान भोपळा आणि आखूड दांडी त्या खर्जाला साथ देत नाहीत. असा बदल कारागीर नाकारतो. एक-दोन अर्ध्या स्वरांची सवलत जवळजवळ प्रत्येक तानपुऱ्यात असते, त्यापुढे दुसरं वाद्यच लागतं.

पट्टी कळवतानाही एक घोळ होतो. घरची जुनी पेटी उतरलेली असते आणि तिची काळी चार ही खरी काळी चार नसते. म्हणून पट्टी मोबाइलवरच्या ट्यूनरने तपासून कळवावी. 'सा' धरून अर्धा मिनिट गायलेलं रेकॉर्डिंग पाठवलं तर उत्तमच. मुलगी बारा-तेरा वर्षांची असेल तर वयही सांगावं, कारण तिची पट्टी अजून बदलू शकते. माझं मत विचाराल तर अशा वयात बनवून घेण्याऐवजी तयार तानपुरा घ्यावा.

दुसरी माहिती तारांची. चार तारांचा तानपुरा सर्रास चालतो : पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, शेवटची खर्जाची. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून पहिली तार मध्यमाला उतरवतात. ते खुंटी पिळून जमतं, त्यासाठी वेगळी ऑर्डर नको. पण पंचमासोबत निषादही कायम हवा असेल तर पाच तारा हव्यात, आणि हे सुरुवातीलाच सांगायला हवं. पाचव्या खुंटीसाठी दांडीत भोक लागतं, घोडी आणि वरची अटी-तारगहन यांवरही तारांची जागा नव्याने वाटावी लागते. तयार दांडीत मागाहून भोक पाडायला कारागीर नाखूश असतो, आणि त्याचं बरोबर आहे.

नक्षी, पॉलिशचा रंग, खुंट्यांचा घाट यांत मात्र पॉलिशचा पहिला हात पडेपर्यंत मन बदलता येतं. मुदत बहुतेक वेळा पॉलिशवरच अडते. लाखेचं पॉलिश एकावर एक पातळ हातांनी चढतं आणि प्रत्येक हात वाळावा लागतो. पावसाळ्यात हवेतला ओलावा त्यात धरला की चकाकीखाली पांढुरकी झाक येते. साधारण दीड-दोन महिन्यांची मुदत जुलै-ऑगस्टमध्ये लांबते ती यामुळे. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमासाठी तानपुरा हवा असेल तर मागणी उन्हाळ्यातच नोंदवलेली बरी. भर पावसात आठ दिवसांत देतो म्हणणारा बहुधा तयार वाद्याला नवा रंग देतोय, असं समजावं.

शेवटचं काम जवारीचं. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर हळूच टेकत टेकत सुटते आणि त्यातून तो गुंजणारा, लांबणारा आवाज येतो. कारागीर तारा सांगितलेल्या पट्टीत चढवतो, कानसेने घोडी किंचित घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधतो. आवाज कोरडा, टक् करून थांबणारा असेल तर तार टेकतच नाही. पत्र्यासारखा खणखणत असेल तर ती जास्त टेकतेय. जवारी एका पट्टीला आणि एका जाडीच्या तारेला बसवलेली असते. म्हणूनच मघाच्या गायिकेला पांढरी पाच करून मिळाली, तरी नव्या तारांसाठी जवारी पुन्हा काढावी लागणार. तार घासून घासून घोडीवर चरे पडतात, त्यामुळे वापरातल्या तानपुऱ्याचीही जवारी अधूनमधून काढावीच लागते. हा एक बदल वाद्य घरी आल्यावरही होऊ शकतो. तेवढ्यासाठी तानपुरा परत मिरजेला पाठवायचा की कारागीर आपल्या गावी येतो, हे ऑर्डर देतानाच विचारून घ्यावं.

मिरजेत ही विद्या एकोणिसाव्या शतकात शिकलगारांच्या हाती आली. हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यातल्या फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतलं जातं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने वाद्याचं गाव कळतं, पट्टी कळत नाही.

पार्सल आलं की आधी भोपळा निरखावा. प्रवासात तारा सैल सोडलेल्या असतात, म्हणून आवाजावरून लगेच तक्रार करू नये. बोटाने हलकं टिचकावत भोपळ्याभोवती फिरावं. कुठे बद्द, फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर तिथे बारीक तडा शोधावा. तसाच सांधा गळ्यापाशीही पाहावा. तडा दिसला तर तारा न चढवता, खोक्यासकट फोटो काढून त्याच दिवशी कळवावं. तारा ओढल्यावर तोच तडा वाढतो, आणि मग तो वाटेत पडला की घरी, हे कुणालाच सांगता येत नाही.