दोन ओळींमधली जागा

चित्रपुस्तकाच्या एका पानावर वर ‘तू फुगा फुगव’ आणि खाली ‘गर्दीत शिरू नको’ अशा ओळी आहेत, असं समजा. वरच्या ‘फु’चा उकार खाली लोंबतो, तर खालच्या ‘र्दी’ची वेलांटी आणि रफार वर चढतात. अक्षर २४ पॉइंटचं आणि ओळींमधलं अंतर २९ ठेवलं, तर हे दोघं एकमेकांना भिडू शकतात. मग नुकतं वाचायला लागलेलं मूल उकाराला खालच्या ओळीची मात्रा समजतं. रोमन लिपीसाठी पुरणारं अंतर इथे तोकडं पडतं. मी ३८ ते ४० पासून सुरुवात करीन.

पान भरलेलं दिसावं म्हणून अक्षरं सुटी करण्याचा मोह टाळावा, कारण त्यानं शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. त्यापेक्षा शब्दांमधली जागा वाढवावी.

ठळक अक्षर मुलांना सोपं, हाही गैरसमजच. जाड रेघेनं ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्र’ यांच्या पोटातली पांढरी जागा बुजते. ‘मुक्ता’ फॉन्टमध्ये सात वजनं आहेत. मजकुराला रेग्युलर किंवा मीडियम घ्यावं, ठळक शीर्षकापुरतं. छापण्याआधी खऱ्या आकारात एक पान काढा आणि ‘फु’खाली बोट ठेवून बघा.