बोलणी झाकणाला, युनिट खोलीचे

मे महिन्यातली अकोल्याची दुपार. वर पत्रे असलेले छोटे किराणा दुकान, कोपऱ्यात तीनशे लिटरचा झाकणाचा डीप फ्रीजर. शाळकरी मुलगा झाकण उघडून कुल्फी निवडत उभा असतो आणि गल्ल्यावरून आवाज येतो, "झाकण लाव रे, बिल काय तू भरणार?" ओरडणे अगदीच चुकीचे नाही. पण हिशेब मांडला की उन्हाळ्यात खरा गुन्हेगार दुसराच निघतो.

फ्रीजरच्या आत उणे १८ अंश ठेवायचे आहेत. जानेवारीत दुकानाचे दिवसरात्रीचे सरासरी तापमान २२ धरले, तर आतबाहेरचा फरक ४० अंशांचा. मे महिन्यात पत्र्याखाली सरासरी ३८ झाली की फरक ५६ वर जातो. भिंतीतून आत झिरपणारी उष्णता या फरकाच्याच प्रमाणात वाढते, म्हणजे दीडपटीच्या जवळ. ती उपसून बाहेर टाकायचे काम काँप्रेसरचे. पण बाहेरची हवाच तापलेली असल्याने टाकणेही अवघड होते आणि तेवढ्याच उष्णतेला साधारण पाव हिस्सा वीज जास्त लागते. दोन्ही वाढींचा गुणाकार होतो आणि खर्च पावणेदोन पटीपर्यंत पोचतो. हिवाळ्यात रोज १.६ युनिट खाणारा फ्रीजर मे महिन्यात २.८ युनिट खातो. महिन्याला ४८ चे ८४ होतात, तेही झाकण एकदाही जास्त न उघडता.

मग झाकणाचा वाटा किती? थंड हवा जड असते. उभ्या फ्रिजचे दार उघडले की ती पायाशी ओतली जाते. आडव्या फ्रीजरमध्ये मात्र विहिरीतल्या पाण्यासारखी तळाशी बसून राहते. म्हणून झाकण दहा सेकंद उघडल्याने फारसे बिघडत नाही. तळातला डबा शोधताना हात ढवळत राहिला, की ती हवा उसळून बाहेर येते आणि बाहेरची आत शिरते.

हे मोजायची एक सोपी युक्ती आहे. फ्रीजरच्या प्लगला वीज मोजणारा छोटा मीटर लावा. रात्री शटर ओढताना आकडा लिहा, सकाळी उघडताना पुन्हा लिहा. रात्री झाकणाला कोणी हात लावत नाही, म्हणजे तो खर्च निव्वळ खोलीचा. समजा, नऊ तासांत ०.९ युनिट झाले, म्हणजे तासाला ०.१. उरलेल्या पंधरा तासांत याच दराने दीड युनिट व्हायला हवे होते; झाले १.९. वरचे ०.४ युनिट झाकणाचे आणि दुपारच्या जास्तीच्या उन्हाचे मिळून. सगळे झाकणाच्या माथी मारले तरी महिन्याला १२ युनिट, एकूण ८४ पैकी सातवा हिस्सा.

पावसाळ्यात मात्र पारडे फिरते. खोली निवते, पण हवा ओलसर होते. प्रत्येक उघडझापीला आत गेलेली वाफ भिंतीवर गोठते आणि गोठताना आपली उष्णता आतच सोडते. जुलैत अशा हवेतल्या वाफेचा बोजा कोरड्या उष्णतेइतका, कधी त्याहून जास्तही भरतो. वर बर्फाचा थर गोधडीसारखा नळ्यांवर बसतो आणि गारवा मालापर्यंत पोचायला अडतो. थर पाव इंचाचा झाला की माल हलवून, फ्रीजर बंद करून तो वितळू द्यावा. सुरीने खरवडू नये. आतली नळी फुटली तर गॅस जातो.

उन्हाळ्यात उपाय खोलीकडेच शोधावा लागतो. अनेक फ्रीजरांत उष्णता टाकणारी नळी बाहेरच्या पत्र्याच्या आत चिकटवलेली असते, म्हणून फ्रीजर चालू असताना त्याच्या बाजू गरम लागतात. तिथेच साखरेची पोती आणि बिस्किटांची खोकी रचली की उष्णतेला वाट उरत नाही. भिंतीपासून वीतभर अंतर आणि काँप्रेसरच्या जाळीसमोर मोकळी जागा हवी. दुपारचे ऊन अंगावर येत असेल तर जागाच बदलावी.

काँप्रेसरचा आवाजही बोलका असतो. दीडशे वॉटचा काँप्रेसर दिवसभरात एकोणीस तास चालला तर २.८ युनिट होतात. तो थांबेनासाच झाला, तर रोजचे ३.६ युनिट ही त्याची कमाल मर्यादा गाठली असे समजावे. त्यापुढे बिल वाढत नाही, आइस्क्रीम मऊ पडू लागते. तेव्हा कुल्फी निवडणाऱ्या पोराला ओरडण्याआधी फ्रीजरला टेकलेली पोती हलवावीत.