मधला तृतीयांश वगळल्यावर काय उरते?

० ते १ या संख्यांनी बनलेल्या रेषाखंडातून मधला एक तृतीयांश भाग काढून टाकायचा, उरलेल्या दोन्ही तुकड्यांतून पुन्हा त्यांचा मधला तृतीयांश काढायचा, आणि असे करतच राहायचे. या क्रियेतून जे बिंदू कधीच काढले जात नाहीत, त्यांच्या संचाला कँटर संच म्हणतात. जर्मनीतील हाले विद्यापीठात शिकवणाऱ्या गेओर्ग कँटर यांनी १८८३ मध्ये, अनंत संचांवरील आपल्या लेखमालेतल्या एका टिपेत तो मांडला. ऑक्सफर्डचे हेन्री स्मिथ यांनी त्याआधी काही वर्षे याच जातीच्या संचांची रचना केली होती, पण नाव रूढ झाले ते कँटर यांचेच. या संचात अगदी लहानसाही सलग तुकडा सापडत नाही. तरीही त्यातले बिंदू मूळच्या अखंड रेषाखंडातल्या बिंदूंइतकेच आहेत.

पहिल्या पायरीला १/३ आणि २/३ यांच्या मधल्या सर्व संख्या वगळल्या जातात, मात्र खुद्द १/३ आणि २/३ या दोन संख्या राहू दिल्या जातात. म्हणजे काढलेल्या भागाची टोके काढली जात नाहीत, आणि उरलेला प्रत्येक तुकडा आपल्या दोन्ही टोकांसह उरतो. हा नियम नीट पाळावा लागतो, कारण पुढचा युक्तिवाद त्यावर उभा आहे. आता ० ते १/३ आणि २/३ ते १ असे दोन तुकडे शिल्लक आहेत. दुसऱ्या पायरीला त्यांतून अनुक्रमे १/९ ते २/९ आणि ७/९ ते ८/९ यांमधल्या संख्या जातात व चार तुकडे राहतात. तिसऱ्या पायरीनंतर आठ, चौथीनंतर सोळा. दर पायरीला तुकड्यांची संख्या दुप्पट होते आणि प्रत्येकाची लांबी एक तृतीयांश होते. दहाव्या पायरीनंतर १,०२४ तुकडे असतात व प्रत्येकाची लांबी १/५९,०४९ असते. सगळ्या तुकड्यांची मिळून लांबी ०.०१७ च्या आसपास भरते.

या क्रियेला शेवटची पायरी नाही, त्यामुळे कँटर संच म्हणजे कुठल्याही एका पायरीनंतरचे चित्र नव्हे. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या अशा प्रत्येक पायरीनंतर जी संख्या शिल्लक राहते, तीच या संचात येते. एखाद्या पायरीला, मग ती कितीही पुढची असो, जी वगळली गेली ती संचाबाहेर.

या संचात सलग तुकडा का नाही, हे दाखवणे सोपे आहे. समजा, त्यात १/१००० लांबीचा एक अखंड तुकडा आहे. तसे असेल तर तो प्रत्येक पायरीनंतर शिल्लक राहिला पाहिजे. सातव्या पायरीनंतर मात्र उरलेल्या प्रत्येक तुकड्याची लांबी १/२१८७ असते आणि शेजारच्या दोन तुकड्यांमध्ये वगळलेली जागा असते. १/१००० लांबीचा अखंड तुकडा त्यात मावणारच नाही. लांबी याहून लहान घेतली तर आणखी काही पायऱ्या पुढे जावे लागते, एवढेच. लांबी शून्याहून मोठी असली की तिला पुरून उरणारी पायरी सापडतेच. म्हणून कोणत्याही लांबीचा सलग तुकडा या संचात नाही.

एकूण लांबीचा हिशोबही असाच लागतो. दर पायरीला शिल्लक लांबी आधीच्या दोन तृतीयांश होते, म्हणजे २/३, ४/९, ८/२७ अशी घटत ती शून्याच्या हव्या तितक्या जवळ जाते. काढलेल्या भागांची बेरीज १/३ + २/९ + ४/२७ + … अशी होते आणि ती बरोबर १ भरते. मूळ रेषाखंडाची लांबीही १ च होती, तेव्हा कँटर संचाची लांबी शून्य ठरते.

लांबी शून्य झाली, मग शिल्लक तरी काय राहिले? काही बिंदू तर लगेच सांगता येतात. ० आणि १ ही टोके कधीच जात नाहीत. १/३, २/३, १/९, २/९, ७/९, ८/९ हे बिंदू एकदा टोक झाले की पुढेही टोकच राहतात, आणि टोक कधी वगळले जात नाही. पहिल्याच वाचनात अनेकांचा समज होतो की कँटर संच म्हणजे फक्त ही टोके. हा समज चुकीचा आहे, आणि ते दाखवायला १/४ ही एकच संख्या पुरते.

१/४ चा मागोवा पायरीपायरीने घेता येतो. पहिल्या पायरीनंतर ती ० ते १/३ या डाव्या तुकड्यात पडते. हा तुकडा तिप्पट ताणून पुन्हा ० ते १ इतका केला, तर १/४ ची जागा ३/४ वर येते. ३/४ उजव्या तृतीयांशात आहे, म्हणून दुसऱ्या पायरीलाही ती वाचते. आता तो उजवा तुकडा ताणायचा, म्हणजे ३ ने गुणून २ वजा करायचे. ९/४ उणे २ म्हणजे पुन्हा १/४. यापुढे ३/४, १/४, ३/४, १/४ अशी फेरी अखंड चालू राहते. मधल्या तृतीयांशात ती कधीच येत नाही आणि १/३ किंवा २/३ वरही कधी पडत नाही. याचा अर्थ १/४ ही कोणत्याही तुकड्याचे टोक नाही आणि तरीही ती कायमची शिल्लक आहे.

हीच कसोटी इतर संख्यांनाही लावता येते. ०.३ घेतली तर क्रमाने ०.९, ०.७, ०.१ आणि पुन्हा ०.३ मिळते, म्हणून ती संचात आहे. ०.२ मात्र दुसऱ्याच पायरीला ०.६ होते. ०.६ मधल्या तृतीयांशात असल्याने ०.२ तिथेच वगळली जाते.

या मागोव्यातूनच संचातल्या प्रत्येक बिंदूला एक पत्ता मिळतो. दर पायरीला बिंदू डाव्या तुकड्यात गेला तर ० लिहायचा, उजव्यात गेला तर २. १/४ चा पत्ता ०, २, ०, २, … असा होतो, आणि १/३ चा ०, २, २, २, … असा. हे अंक मनाने निवडलेले नाहीत. संख्या दहाऐवजी तीनच्या पायावर लिहिली की दशांशचिन्हानंतर नेमके हेच अंक येतात, आणि मधल्या तृतीयांशाच्या वाट्याला १ हा अंक येतो. म्हणजे तीनच्या पायावर १ न वापरता ज्या लिहिता येतात, त्या सर्व संख्यांचा संच तो कँटर संच. कँटर यांनीही तो याच रूपात दिला होता. १/३ ही ०.१ अशी लिहिता येते, तशीच ०.०२२२… अशीही, त्यामुळे ती संचात बसते.

पत्त्यांबद्दल दोन गोष्टी पक्क्या कराव्या लागतात. पहिली ही की प्रत्येक अनंत पत्त्याच्या शेवटी खरोखर एक बिंदू असतो. पत्त्याप्रमाणे पुढे जाताना प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याच्या पोटात असतो, दोन्ही टोकांसह असतो आणि लांबी शून्याकडे जात असते. अशा सगळ्या तुकड्यांत समाईक असा एक आणि एकच बिंदू असतो, हा वास्तव संख्यांचा मूलभूत गुणधर्म आहे. टोके राखून ठेवण्याचा नियम इथे उपयोगी पडतो. दुसरी गोष्ट म्हणजे वेगवेगळ्या पत्त्यांवर वेगवेगळे बिंदू असतात. दोन पत्ते ज्या पायरीला पहिल्यांदा वेगळे होतात, तिथे एक बिंदू डावीकडे जातो, दुसरा उजवीकडे, आणि मध्ये वगळलेली जागा राहते. ते दोघे पुन्हा कधी एकत्र येऊ शकत नाहीत.

म्हणून संचात बिंदू किती, हा प्रश्न ० आणि २ यांचे अनंत पत्ते किती, एवढाच उरतो. ज्या संचातल्या सर्व घटकांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देऊन कुणालाही न वगळता यादी करता येते, त्याला गणनीय म्हणतात. टोकांचा संच अनंत असला तरी गणनीय आहे, कारण प्रत्येक पायरीला मोजकीच नवी टोके तयार होतात आणि पायरीच्या क्रमाने त्यांची यादी होते. सर्व पत्त्यांची अशी यादी मात्र होऊ शकत नाही. समजा, कुणी ती केली आणि तिची सुरुवात अशी आहे:

पहिला पत्ता: ० ० ० ० …
दुसरा पत्ता: २ ० २ ० …
तिसरा पत्ता: ० २ २ २ …
चौथा पत्ता: २ २ ० ० …

पहिल्या पत्त्याचा पहिला अंक, दुसऱ्याचा दुसरा, तिसऱ्याचा तिसरा असे तिरपे उतरत गेले की ०, ०, २, ०, … मिळतात. यातला प्रत्येक अंक बदलला, म्हणजे ० च्या जागी २ आणि २ च्या जागी ० ठेवला, तर २, २, ०, २, … हा नवा पत्ता तयार होतो. तो यादीतल्या पहिल्या पत्त्याशी पहिल्या अंकात जुळत नाही, दुसऱ्याशी दुसऱ्या अंकात जुळत नाही, शंभराव्याशी शंभराव्या अंकात जुळत नाही. तेव्हा तो यादीत कुठेच नाही. तो यादीत घालून नवी यादी केली तरी तीच युक्ती नव्या यादीलाही लागू पडते. म्हणून कँटर संच अगणनीय आहे. टोके गणनीय असल्याने संचातले बहुसंख्य बिंदू १/४ प्रमाणे टोके नसलेलेच आहेत, हेही यातून निघते.

बिंदू मूळ रेषाखंडाइतकेच आहेत, हे सरळही दाखवता येते. पत्त्यातल्या प्रत्येक २ च्या जागी १ लिहून तो द्विमान पद्धतीतली संख्या म्हणून वाचायचा. १/४ चा पत्ता ०.०१०१… असा होतो, म्हणजे १/३. ० ते १ मधली प्रत्येक संख्या द्विमान पद्धतीत लिहिता येते, त्यामुळे तिच्यासाठी कँटर संचात निदान एक बिंदू असतोच. काही ठिकाणी दोन असतात. १/३ आणि २/३ हे दोन्ही बिंदू १/२ वरच जातात. पण कुठलीही संख्या रिकामी राहत नाही.

लांबी शून्य असणे आणि सलग तुकडा नसणे या दोन गोष्टी मात्र एकच समजू नयेत. काढायचा भाग लहान ठेवून हे तपासता येते. पहिल्या पायरीला मधून १/४ लांबी काढली, दुसऱ्या पायरीला दोन्ही तुकड्यांतून १/१६, तिसऱ्या पायरीला चारही तुकड्यांतून १/६४, तर काढलेल्या लांबीची बेरीज १/४ + १/८ + १/१६ + … म्हणजे केवळ १/२ होते. इथेही तुकडे हवे तितके लहान होत जातात, म्हणून उरलेल्या संचात सलग तुकडा नसतो, पण त्याची लांबी मात्र १/२ राहते. बिंदूंची संख्या, लांबी आणि सलगता ही तीन वेगवेगळी मापे आहेत, आणि एकावरून दुसऱ्याचे अनुमान नेहमीच काढता येते असे नाही.